सर्वेअरच्या जागेसाठी अर्ज: भूगोलाच्या पदवीधराने पत्रात काय लिहावे

आधी पात्रता बघा. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक भरतीत स्थापत्य पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेक्षक ट्रेड मागतात, तिथे नुसती भूगोलाची पदवी चालत नाही. रत्नागिरी-चिपळूणकडच्या खासगी मोजणी-नकाशा कंपन्यांत मात्र ती चालू शकते, पण तुम्ही माळावर काम केलंय हे पत्रातून दिसायला हवं.

मी असे अर्ज वाचतो. बहुतेकांत ‘मला टोटल स्टेशन, जीपीएस आणि क्यूजीआयएसचे ज्ञान आहे’ एवढंच असतं, आणि त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रात्यक्षिकातलं एकच काम आकड्यांसह लिहा. उदाहरणार्थ:

‘तिसऱ्या वर्षी आम्ही कॉलेजमागच्या कातळावर प्रिझमॅटिक कंपास आणि टेपने सहा बिंदूंचा बंद ट्रॅव्हर्स केला. परिघ 420 मीटर भरला. एका रेषेच्या फोर आणि बॅक बेअरिंगमध्ये 180ऐवजी 183 अंशांचा फरक आला. तिचं एक टोक लोखंडी फाटकाशेजारी होतं. दुसऱ्या टोकाची बाकीची वाचनं जुळत होती, म्हणून त्या टोकाचं वाचन धरून फाटकाजवळच्या बिंदूवरच्या दोन्ही बेअरिंग दुरुस्त केल्या. शेवटी 1.4 मीटरची क्लोजिंग एरर उरली, म्हणजे 300 मीटरमागे 1 मीटर. ती सगळ्या बाजूंना वाटून नकाशा काढला.’

कंपासच्या कामात एवढी चूक खपते. टोटल स्टेशनवर तीच आली तर काम पुन्हा करावं लागतं, आणि मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. चूक लपवून ‘शून्य’ लिहिणाऱ्याचा अर्ज मी बाजूला ठेवतो, कारण हाताने केलेला ट्रॅव्हर्स शून्यावर मिटत नाही.

कोकणापुरतं आणखी एक वाक्य जोडता आलं तर फार चांगलं. पोफळीच्या बागेत, दाट काजूत किंवा डोंगराच्या कुशीत जीपीएस रोव्हरला आकाश पुरेसं मिळत नाही आणि वाचन भरकटतं. अशा वेळी उघड्यावर दोन बिंदू घेऊन आत टोटल स्टेशनने जावं लागतं. हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल तरच लिहा.

‘शेजाऱ्यांची हद्द ठरवून दिली’ असं मात्र कधीही लिहू नका. हद्द कायम करण्याची मोजणी भूमी अभिलेख खात्यामार्फत होते. खासगी सर्वेअर जागेवरचा बांध, गडगा, विहीर आहे तशी नकाशावर घेतो.

सोबत पदवी आणि गुणपत्रकांच्या प्रती, ओळखपत्र आणि असल्यास दुचाकीचा परवाना जोडा. फील्डबुकच्या त्या ट्रॅव्हर्सच्या पानाचा फोटो, खाडाखोडीसकट, नक्की लावा. पत्र एका पानातच संपवा.