चॅटबॉटने फोटो ‘खरा’ म्हटला म्हणजे?

“फोटो चॅटबॉटला दाखवला, तो म्हणाला खरा आहे. मग खराच ना?”

नाही. चॅटबॉटमागच्या मॉडेलला मिळतात ते फक्त पिक्सेल, तेही बहुधा आकार कमी करून. कोणी काय पुसलं, याची नोंद त्यांत नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पुराचा फोटो घ्या. पाठवतानाच तो दाबून लहान होतो, कॅमेऱ्याची आणि तारखेची माहिती गळून पडते, खाडाखोडीच्या बारीक खुणाही पुसट होतात. मग उरतो तो दिसण्यावरून बांधलेला अंदाज. त्याच फोटोवर “हा बनावट आहे ना?” असं विचारून पाहा, बरेचदा कारणांसकट होकार येतो! त्यापेक्षा पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागा, फोटो गुगल लेन्सवर शोधा. २०१९ चा सांगलीचा पूर यंदाचा म्हणून फिरत असेल, तर जुनी प्रत तिथे सापडू शकते.