मेटास्टेबिलिटी (फ्लिप-फ्लॉपमधील)

क्लॉकशी असंबद्ध असलेला संकेत क्लॉकच्या कडेच्या अगदी जवळ बदलला, तर फ्लिप-फ्लॉपचे निर्गत 0 किंवा 1 न होता काही काळ मधल्याच व्होल्टेजवर रेंगाळते. या अवस्थेला मेटास्टेबिलिटी म्हणतात.

तिचा शोध कोणाचा, यावर एकमत नाही. असंबद्ध संकेतांच्या धोक्याकडे लुबकिन यांनी 1952 मध्येच लक्ष वेधले होते. आयव्हर कॅट यांचा लेख 1966 चा आहे. चेनी आणि मोल्नार यांनी 1973 मध्ये ऑसिलोस्कोपवरील छायाचित्रांसह पुरावा मांडला. नुसता इशारा आणि मोजून दाखवलेली घटना यांत फरक केला, तर श्रेय या शेवटच्या जोडीकडे झुकते. तरीही पुढे बरीच वर्षे अनेक अभियंत्यांना ही गोष्ट पटत नव्हती.

फ्लिप-फ्लॉपच्या आत एकमेकांना जोडलेले दोन इन्व्हर्टर असतात. समतोल बिंदूपासूनचा व्होल्टेजमधील फरक कितीही सूक्ष्म असला तरी तो घातांकी गतीने वाढतो, आणि त्या वाढीचा कालांक τ असतो. म्हणून t इतका वेळ गेल्यावरही निर्णय न झालेला असण्याची शक्यता e^(−t/τ) या प्रमाणात घटते, पण शून्य कधीच होत नाही. यावरून दोन बिघाडांमधील सरासरी काळ असा काढतात:

```
MTBF = e^(tr/τ) / (Tw · fc · fd)
```

येथे tr हा सावरण्यास मिळणारा वेळ, fc क्लॉकची वारंवारता आणि fd संकेत बदलण्याची वारंवारता. Tw म्हणजे सेटअप आणि होल्ड वेळांची बेरीज, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते, पण ते बरोबर नाही. Tw हा मोजमापांवर रेषा बसवून मिळणारा स्थिरांक आहे.

उदाहरणार्थ, fc 100 मेगाहर्ट्झ, fd 1 मेगाहर्ट्झ, Tw 100 पिकोसेकंद आणि τ 200 पिकोसेकंद धरू. छेद सेकंदाला 10,000 येतो. एकाच फ्लिप-फ्लॉपनंतर लगेच तर्कमंडल जोडले आणि tr 3 नॅनोसेकंद उरला, तर साधारण साडेपाच मिनिटांना एक बिघाड होईल. मध्ये दुसरा फ्लिप-फ्लॉप घातला की tr 9 नॅनोसेकंदांपर्यंत जातो आणि उत्तर सुमारे 11 कोटी वर्षे येते.

हा आकडा फसवा ठरू शकतो. पुरवठ्याचे व्होल्टेज घसरून τ 250 पिकोसेकंद झाला, तर तेच उत्तर सुमारे 13,700 वर्षांवर येते. अशी 10,000 उपकरणे वापरात असली, तर त्यांच्यापैकी कुठे ना कुठे दर सोळा महिन्यांनी एक बिघाड अपेक्षित धरावा लागतो. म्हणून τ सर्वांत वाईट परिस्थितीतला घेतात, आणि गरज पडल्यास एका क्लॉक-चक्राचा जादा विलंब पत्करून तिसरा फ्लिप-फ्लॉप जोडतात.