नोटिशीतच निकाल लागला असेल तर?

समजा, ठाण्यात पाचपाखाडीला एका दुकानामागे वाढीव खोली आहे. महापालिकेची नोटीस येते: "आपण विनापरवानगी बांधकाम केल्याचे सिद्ध झाले आहे. ते का पाडू नये, याचा खुलासा करावा." दुकानदार लगेच मुदत मोजायला लागतो. खरी मेख मात्र पहिल्या वाक्यात आहे. सगळं सिद्ध झालंच असेल, तर खुलासा कशाला मागता?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 260 प्रमाणे ही ‘कारणे दाखवा’ नोटीस असते. म्हणजे ती आरोप सांगते. निकाल उत्तर वाचल्यावर द्यायचा असतो. ‘प्रथमदर्शनी असे दिसते’ असं लिहिलं असतं तर प्रश्न नव्हता. ओरिक्स फिशरीजच्या खटल्यात 2010 साली सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं. खराब माल पाठवल्याचं निःसंशय सिद्ध झालंय, असं त्या निर्यातदाराला नोटिशीतच कळवलं होतं. अशा बंद मनापुढची सुनावणी निव्वळ उपचार ठरते, म्हणून कोर्टाने त्या नोटिशीसकट नोंदणी रद्द करणारा आदेशही रद्द केला.

नैसर्गिक न्यायाचे दोन्ही नियम इथे एकत्र येतात. ऐकणारा निःपक्ष हवा आणि त्याने खरोखर ऐकायला हवं. पक्षपात सिद्धच करावा लागतो असंही नाही. 1969 च्या क्रैपक खटल्यात वनसेवेच्या निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच उमेदवार होता. त्याच्या नावाची चर्चा झाली तेव्हा तो बाजूला झाला, पण प्रतिस्पर्ध्यांची पारख करताना हजर होता. पक्षपाताची रास्त शक्यता एवढ्यानेच दिसते, म्हणून कोर्टाने ती निवड रद्द केली. आपल्या दुकानदाराची सुनावणी तक्रारदाराच्या सख्ख्या भावापुढे लागली, तर हरकत तिथेच आणि लेखी घ्यावी. निकाल विरुद्ध गेल्यावर उठवलेली हरकत कोर्टात सहसा टिकत नाही.

उत्तर देण्याआधी पाहणी अहवाल आणि मोजमापाची प्रत मागावी. कशाच्या आधारावर आरोप आहे हेच ठाऊक नसेल, तर उत्तर काय देणार? जबाब आवक विभागात देऊन पोच घ्यावी. आदेशात ‘खुलासा समाधानकारक नाही’ एवढंच असेल, तर तो कच्चा आहे. खुलाशातला कोणता मुद्दा का पटला नाही, हे त्यात यायला हवं.

नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी आणि अंतिम आदेशानंतर आणखी 15 दिवस बंधनकारक केले. रस्ता किंवा फुटपाथ अडवणाऱ्या अनधिकृत बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही.

आणि सदोष आदेश रद्द झाला म्हणजे खोली अधिकृत झाली, असं कुणी समजू नये. बहुतेक वेळा प्रकरण नव्या सुनावणीसाठी परत जातं. परवानगी घेतली नव्हती हे दुकानदाराने स्वतःच कबूल केलं असेल, तर सुनावणी मिळाली असती तरी सांगण्यासारखं काय होतं, असंही कोर्ट विचारतं.