दरीचा डोंगर दाखवणारं उपग्रहचित्र

सह्याद्रीचं हिवाळ्यातलं उपग्रहचित्र उत्तर वर ठेवून पाहिलं, की पुष्कळांना दऱ्या डोंगरांसारख्या दिसतात आणि नदी डोंगरमाथ्यावरून वाहताना दिसते. लोणारचं विवर, जे सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल आहे, ते टेकाडासारखं वर येतं. चित्रात कुणी फेरफार केलेला नसतो. लँडसॅटसारखे उपग्रह आपल्यावरून सकाळी दहाच्या सुमारास जातात, तेव्हा ऊन आग्नेयेकडून येतं. त्यामुळे विवराची वायव्येची आतली भिंत उजळते आणि आग्नेयेची अंधारात राहते. म्हणजे चित्रात वरची बाजू उजळ, खालची काळी. वरून उजेड पडलेला उंचवटाही हुबेहूब असाच दिसतो.

हा घोळ उपग्रहांच्या फार आधीचा. उलटी प्रतिमा दाखवणाऱ्या भिंगांतून पाहिलं की खाचा उंचवट्यांसारख्या दिसतात, हे लोकांना ठाऊक होतं. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनी १७८६ मध्ये छापलेल्या लेखात त्याचं कारण दिलं: प्रतिमेबरोबर उजेडाची बाजूही उलटते, पाहणारा मात्र खोलीतला उजेड येतो त्याच बाजूचा धरून चालतो. पुढे १८३२ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी खोदीव मुद्रा उठावदार कशी भासते, हे वाचकांना समजावलं.

डोळ्याच्या पडद्यावर खोली उमटत नाही, फक्त उजेड-अंधार उमटतो. खालून उजळलेला खड्डा आणि वरून उजळलेला फुगवटा यांची छटा एकच. निवड मेंदूला करावी लागते, आणि तो उजेड वरूनच येतो असं गृहीत धरतो. मेंदूशास्त्रज्ञ विलयानुर रामचंद्रन यांच्या १९८८ पासूनच्या प्रयोगांतून एक गमतीचा तपशील कळला: हे ‘वर’ जमिनीच्या नव्हे, तर डोक्याच्या संदर्भातलं असतं. मान वाकडी केली की खड्डे-उंचवटेही बदलू लागतात.

ही सवय जन्मजात की शिकलेली? १९७० मध्ये वेन हर्शबर्गर यांनी कोंबडीची पिल्लं खालून येणाऱ्या उजेडात वाढवली, तरी ती उजेड वरून आल्यासारखीच वागली. माणसाबाबत मात्र २००४ च्या एका प्रयोगात, हाताने चाचपून मिळालेल्या माहितीने हे गृहीतक थोडं सरकलं. तेव्हा मला ‘एक तर हे, नाही तर ते’ असा निकाल पटत नाही.

खरं कळल्यावरही दरी बहुतेकदा दरी दिसत नाही, हे त्रासदायक. पाणी शोधावं: नदी किंवा तळं माथ्यावर दिसलं, की चित्र उलटं वाचलं जातंय. चित्र १८० अंशांत फिरवलं की बहुधा लगेच सुटतं, पण मग दक्षिण वर येते. नकाशे बनवणाऱ्यांनी यावर वेगळी वाट काढली. छायांकित नकाशांत ते उजेड वायव्येकडून, साधारण ३१५ अंशांवरून आणि ४५ अंश उंचीवरून टाकतात. तिथे सूर्य महाराष्ट्रात कधीच नसतो, पण डोंगर डोंगर दिसतात.