उभी चौकट, आडवी चौकट (व्हिडिओ)

रील किंवा शॉर्ट्सला उभी ९:१६ चौकट लागते, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेल, आणि लांब व्हिडिओला आडवी १६:९, म्हणजे १९२० बाय १०८० किंवा फोरके असेल तर ३८४० बाय २१६०. एवढं फोन हातात असलेल्या सगळ्यांनाच माहीत असतं. घोळ होतो तो एकाच शूटमधून दोन्ही काढायचं ठरवलं की.

१६:९ हा आकडा आला कुठून यावर दोन मतं दिसतात. एक म्हणजे जुन्या टीव्हीचं ४:३ घ्या, दोन्ही आकड्यांचा वर्ग करा, झालं १६:९. दिसायला छान आहे, पण हा बहुतेक नंतर लक्षात आलेला योगायोग असावा. दुसरं मत अमेरिकन इंजिनिअर कर्न्स पॉवर्स यांच्याशी जोडलेलं आहे. साधारण १९८० च्या दशकात, एचडी टीव्हीचं मानक ठरवायची चर्चा चालू असताना त्यांनी तेव्हा वापरात असलेल्या चौकटी, टीव्हीच्या ४:३ म्हणजे १.३३ पासून रुंद सिनेमाच्या २.३५ पर्यंत, सारख्या क्षेत्रफळाचे आयत म्हणून काढले आणि मध्य जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळे आयत ज्यात मावतात तो बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण १.७७ च्या आसपास, म्हणजे १६:९ आलं. गणितानेही १.३३ गुणिले २.३५ चं वर्गमूळ तेवढंच येतं. हेच मत जास्त पटतं. म्हणजे १६:९ ही कुणाच्या आवडीची चौकट नाही, सगळ्यांना कमीत कमी त्रास व्हावा म्हणून केलेली तडजोड आहे.

९:१६ मागे असलं काही गणित नाही, फोन उभा धरला म्हणून तीच चौकट उभी राहिली. इन्स्टाग्राम २०१० ला चौकोनी फोटोंवर सुरू झालं, उभे-आडवे आकार २०१५ ला आले, रील्स २०२० ला. त्याच वर्षी जूनमध्ये भारतात टिकटॉक बंद झालं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आधी इथेच आणले.

आडव्यातून उभं कापताना काय होतं ते चकलीच्या व्हिडिओवर बघू. ताई ओट्यापाशी उभ्या आहेत, डावीकडे कढई, उजवीकडे त्यांचा चेहरा, फोन आडवा, फोरके. आता २१६० उंची पूर्ण ठेवून ९:१६ कापलं तर रुंदी मिळते १२१५, म्हणजे ३८४० मधला तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी भाग. ते १०८० बाय १९२० वर आणताना चित्र लहानच करायचं असतं, त्यामुळे धार टिकते. पण हेच शूट १९२० बाय १०८० मध्ये केलं असेल तर पट्टी फक्त ६०८ पिक्सेलची निघते, ती पावणेदोन पटीहून जास्त ताणावी लागते आणि चकलीचे काटे मेणासारखे गुळगुळीत दिसायला लागतात. म्हणून लांब व्हिडिओ १०८० मध्येच टाकणार असाल तरी रील कापायची असेल तर शूट फोरकेमध्येच करावं.

पिक्सेल पुरले तरी दुसरी अडचण राहतेच, त्या एक तृतीयांशात कढई येते नाहीतर चेहरा, दोन्ही नाही. उपाय सोपा आहे, ताईंना कढईच्या बाजूला नाही तर मागे उभं करायचं, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाखाली एक येतात. रीलमध्ये खाली कॅप्शन आणि उजव्या कडेला लाईक-कमेंटची बटणं बसतात, त्यामुळे कढई अगदी तळाला गेली तर झाकली जाते.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, निवडताना २४ की ३० यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण आपल्याकडे त्याआधी ट्यूबलाइट बघावी. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. ३० फ्रेमला फोन बरेचदा १/६० चं शटर धरतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग उजेड घेते, त्यात प्रकाशाचे पावणेदोनच्या आसपास झोके येतात, दर फ्रेममध्ये वेगळ्या जागी तुटतात, आणि भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० केलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन झोके येतात आणि पट्टे जातात, मग फ्रेम रेट २५ असो की ३०. ६० फ्रेमला मात्र १/५० शक्यच नाही, कारण एक फ्रेमच तेवढा वेळ नसते, तिथे १/१०० घ्यावं लागतं, उजेड निम्मा होतो आणि स्वयंपाकघरात चित्रात दाणे येतात. स्लो मोशन नको असेल तर ६० च्या नादी लागू नये.

दुसरी चूक एडिटिंगमध्ये होते. लांब व्हिडिओ २५ मध्ये, आणि रीलचं प्रोजेक्ट अॅपने आपोआप ३० चं उघडलेलं, मग अॅप दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवतं, सेकंदाला पाच वेळा. बोलणाऱ्या चेहऱ्यावर हे कळत नाही, पण सोऱ्या गोल फिरत असतो किंवा कॅमेरा सावकाश सरकतो तिथे बारीक हिसके बसतात. रील ३० चीच हवी असा काही नियम नाही, २५ ची रीलही चालते, तेव्हा प्रोजेक्ट शूटच्याच फ्रेम रेटचं ठेवावं. शंका आली तर सोऱ्याचा तुकडा एकेक फ्रेम पुढे करून बघावा, सहाव्या फ्रेमला चित्र जागचं हललं नाही तर गडबड इथेच आहे.