रात्रपाळी (कोकण किनारा)

रात्रपाळी म्हणजे झोपेच्या ठरलेल्या वेळेत करावे लागणारे पाळीचे काम. कोकणात ते रोहा, महाड आणि लोटे-परशुरामच्या रसायन कारखान्यांत, थळच्या खत कारखान्यात, उरणच्या बंदरात, कोकण रेल्वेवर आणि सरकारी रुग्णालयांत चालते. बोलीत त्याला सरळ ‘नाईट’ म्हणतात. कारखान्यांत सहसा तीन पाळ्या असतात : फर्स्ट सकाळी ७ ते दुपारी ३, सेकंड ३ ते रात्री ११ आणि थर्ड ११ ते सकाळी ७. बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला पाळी बदलते. या फिरत्या नाईटने जागरूकता आणि मनःस्थितीवर काय होते, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

शरीराचे घड्याळ आणि सकाळचे ऊन

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या जरा वर, सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके आणि काही अंशी मनाची उभारी यांची दिवसभराची लय तो सांभाळतो. पेशींच्या आत हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते, हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात या घड्याळाचा फेरा २४ तासांहून थोडा मोठा, सरासरी १० मिनिटांनी जास्त असतो. म्हणून ते रोज थोडे जुळवून घ्यावे लागते आणि ते काम मुख्यतः प्रकाश करतो.

रात्री साडेदहाला झोपून सहाला उठणाऱ्याच्या शरीराचे तापमान पहाटे चारच्या सुमारास सर्वांत खाली जाते. या तळाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर उजेड पडला, तर घड्याळ मागे सरकते, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप उशिरा येते. तळानंतर पडला, तर ते पुढे सरकते. नाईट करणाऱ्याला घड्याळ मागे सरकायला हवे असते. पण कारखान्यातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स, तर सातला गेटबाहेर मिळणारा उजेड हजारो लक्स असतो. पावसाळ्यातले भरलेले आभाळही नियंत्रण-कक्षाच्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी उजळ असते. रात्रभरात घड्याळ जे थोडेफार मागे गेले, ते घरी जातानाचे ऊन पुन्हा पुढे ढकलते. कोकणात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्यात सव्वासातच्या आसपास. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावरची नाईट या बाबतीत थंडीतल्या नाईटपेक्षा जास्त जाचक ठरावी. ‘सवय होईल’ हे नव्या मुलाला दिले जाणारे आश्वासन याच कारणाने बहुधा खोटे ठरते. कायम रात्रपाळी करणाऱ्यांतही घड्याळ पूर्ण उलटे झालेले लोक थोडेच आढळतात.

एक आठवडा

चिपळूणला राहणारा आणि लोट्याला रिॲक्टरवर काम करणारा ऑपरेटर नमुना म्हणून घेऊ. रविवारी सुट्टी झाली, सोमवारपासून नाईट. सोमवारी तो सवयीने सकाळी साडेसहाला उठतो, दिवसभर घरची कामे उरकतो आणि रात्री अकराला रिलीव्हर म्हणून चार्ज घेतो. तेव्हाच त्याला साडेसोळा तास जागून झालेले असतात. एकपर्यंत काही जाणवत नाही, गप्पाही रंगतात. पहाटे चारला जागरण साडेएकवीस तासांचे झालेले असते आणि तापमानाचा तळही तेव्हाच येतो. जागरणाने साठलेली झोप आणि घड्याळाने केलेली ओढ यांची गाठ इथे पडते, आणि नाईटचा धोका बराचसा या गाठीत आहे.

हे ओळखायचे, तर लॉगबुक पाहावे. तापमान आणि दाबाचे आकडे दर तासाला लिहायचे असतात. तीन ते पाचच्या नोंदींत अक्षर उजवीकडे घसरते, एखादा रकाना कोरा राहतो, किंवा वरच्या ओळीतलाच आकडा जसाच्या तसा खाली येतो. शेवटचे सर्वांत वाईट, कारण पान भरलेले दिसते आणि सकाळी कोणी विचारत नाही. माणूस अशा वेळी ‘मी जागाच होतो’ म्हणतो आणि त्याला ते खरेच वाटत असते. काही सेकंदांच्या डुलकीत डोळे उघडे राहू शकतात आणि तिची आठवण राहत नाही. आपण किती पेंगुळलो आहोत याचा अंदाज पेंगुळलेल्या माणसाला नीट येत नाही.

सातला चार्ज देऊन तो मोटरसायकलने परशुराम घाट उतरतो. जागरण आता साडेचोवीस तासांचे. सलग १७ तास जागल्यावर प्रतिसादाचा वेग १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असल्यासारखा मंदावतो, असे १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले. चोवीस तासांना तो १०० मिलिग्रॅमच्या जवळ जातो. भारतात वाहन चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ताशी ५० किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे ४० मीटर रस्ता, आणि घाटातले वळण त्याहून आखूड असू शकते. कंपनीची बस असेल, तर तीच पकडावी.

साडेआठला तो आडवा होतो, पण तोवर शरीराचे तापमान चढू लागलेले असते. झोप लगेच लागते आणि एकच्या सुमारास मोडते, ती कधी उकाड्याने, कधी तापलेल्या पत्र्याने, कधी मासेवालीच्या हाकेने. मात्र पूर्ण शांततेतही दिवसाची झोप रात्रीपेक्षा एक ते चार तासांनी कमी भरते, कारण तिला आतून साथ नसते. शुक्रवारपर्यंत त्याचा तळ फार तर तास-दोन तासांनी मागे गेलेला असतो. रविवारी तो घरच्यांबरोबर रात्री झोपतो आणि केलेली कमाई जाते.

मनावर काय होते

नाईटवाल्याच्या रागाला लोक स्वभाव समजतात. दुपारी दीडला बायको ‘अहो, दोन घास खाऊन परत झोपा’ म्हणते आणि तो ताट सरकवून देतो. संध्याकाळी त्याला स्वतःलाच त्याचे नवल वाटते. झोप कमी झालेल्या मेंदूत धोका आणि चीड यांना प्रतिसाद देणारा अमिग्डाला हा भाग नेहमीपेक्षा जोरात उठतो आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्क सैलावतो. हे २००७ साली एका रात्रीच्या जागरणानंतर मेंदूच्या चित्रणात दाखवले गेले. त्यामुळे साधी सूचना हुकमासारखी वाटते. रागापेक्षाही जास्त लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे आनंदाची धार बोथट होणे. माणूस दुःखी नसतो, पण मुलाचे बक्षीस, घरचे लग्न, कशानेच फारसा हलत नाही. पहाटे तीनला कँटीनमध्ये कारण नसताना फुटणारे खिदळणेही याच ढिलाईचा भाग आहे.

मनाची उभारी घड्याळाशीही थेट बांधलेली असते. पुरेशी झोप झालेल्या माणसालाही पहाटेच्या तळाशी मरगळ येते. पहाटे चारला नोकरी, कर्ज किंवा नाते यांविषयी केलेला निर्णय दुपारपर्यंत बाजूला ठेवावा, असे जुन्या परिचारिका नव्यांना सांगतात. ते शास्त्राला धरूनच आहे.

दीर्घकाळाचा विचार करता, अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यास पाळीत काम करणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळतात. या आकड्याला दोन्हीकडून मर्यादा आहेत. ज्यांना नाईट सोसत नाही ते सोडून जातात, म्हणून खरा परिणाम जास्त असू शकतो. आणि पाळीतल्या लोकांचे पगार, कर्जे, घरे वेगळी असतात, म्हणून सगळा दोष घड्याळाला देता येत नाही.

द्विध्रुवी विकार असणाऱ्यांची, म्हणजे ज्यांचे मन आजारामुळे उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांत हेलकावते त्यांची, गोष्ट निराळी आहे. त्यांच्यात एक-दोन रात्रींचे जागरणही उन्मादाचा झटका सुरू करू शकते. तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणे थांबत नाही, पैसे उधळले जात आहेत, असे दिसले तर ती नाईटची सवय झाल्याची खूण नव्हे. अशा माणसाची नाईट बंद करून मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. सुट्टीतही न हटणारी उदासी दोन आठवडे टिकली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तरी तसेच. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही मिळते.

काय करता येते

पहिल्या नाईटच्या दिवशी दुपारी दीड तास झोप घेतली, तर वर सांगितलेल्या गाठीतला अर्धा भाग सैल होतो. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी केला जाणारा उपाय हाच. पाळीत परवानगी असेल, तर २० मिनिटांची डुलकी घ्यावी, पण उठल्यावर पंधराएक मिनिटे डोके जड असते, तेवढ्यात व्हॉल्व्हला हात लावू नये. चहा अडीचपर्यंत प्यावा. कॅफीनचे निम्मे प्रमाण उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणून पाचचा चहा नऊच्या झोपेत आडवा येतो. घरी खिडकीला जाड काळे कापड लावावे. काळा चष्मा उन्हाला अडवतो, पण पेंगुळलेल्या चालकाने तो लावू नये, बसमध्ये बसणाऱ्याने लावावा.

रात्री दोनच्या भरपेट जेवणाविषयी एक छोटा पण रंजक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. १९ जणांना प्रयोगशाळेत नाईटसारखे वेळापत्रक दिले. दिवसा आणि रात्री खाणाऱ्यांची मनःस्थिती खालावली, फक्त दिवसा खाणाऱ्यांची खालावली नाही. माणसे थोडी होती, म्हणून नियम करण्याएवढे ते नाही. तरी भाताऐवजी काही हलके खाऊन पाहायला हरकत नाही.

पाळी फिरवायची, तर फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा क्रमाने फिरवावी, कारण उशिरा झोपणे शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. सलग नाईट दोन-तीनच असाव्यात, असा आता बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे. कामगारांना मात्र आठवडाभर एकच पाळी बरी वाटते, आणि त्यांचे कारण शरीराचे नसून घरचे आहे : बाजार, शेती, देवळातली कामे आधी ठरवता येतात.

सुट्टीचे गणित वेगळेच आहे. मध्यरात्रीपलीकडे जाणाऱ्या पाळीची साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास, असे कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ५७ सांगत असे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही तोच नियम आहे. रविवारी सकाळी सातला सुटलेल्याची सुट्टी सोमवारी सातला संपते. तिचे पहिले पाच-सहा तास झोपेतच जातात, आणि सोमवारी सकाळची फर्स्ट लागली, तर उरलेली झोप पुन्हा चारला मोडते. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात हेच टोकाला जाते. सुट्टी मिळवण्यासाठी लोक एकमेकांच्या पाळ्या घेतात, सेकंडला जोडून थर्ड अशी सोळा तासांची डबल मारतात. कोणी किती डबल मारल्या हे ओव्हरटाईमच्या नोंदीत असते. सुपरवायझरने त्या दिवसांत पहाटेचे लॉगबुक तिच्याशेजारी ठेवून वाचले, तर घसरलेली अक्षरे कोणाची आहेत ते कळते.