टीएसएच दोघींचा ०.०५, पण एकीचा ठरवून आणि एकीचा चुकून

कोथरूडच्या एकाच सोसायटीतल्या दोघींचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघू. एक ६४ वर्षांच्या काकू, दुसरी ३६ वर्षांची वहिनी. दोघी रोज सकाळी थायरॉईडची तीच लिव्होथायरॉक्सिनची गोळी घेतात, आणि दोघींचा टीएसएच ०.०५ आलाय. लॅबने दोघींच्याही आकड्यापुढे कमी असल्याची खूण केलीये, कारण नॉर्मल साधारण ०.४ ते ४ धरतात. वहिनीला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की अगदी हवा तसा आलाय, गोळी चालू ठेव. ते ऐकून काकू म्हणाल्या, "अगं मग माझाही बरोबरच असणार, तेवढाच तर आहे," आणि रिपोर्ट फाईलला लावून टाकला.

हा जो निष्कर्ष आहे ना, तो फार महागात पडू शकतो. आकडा सारखा आहे पण वहिनीचा मुद्दाम तिथे नेऊन ठेवलाय आणि काकूंचा नकळत घसरत तिथे गेलाय. पहिल्याला सप्रेशन म्हणतात, दुसरा सरळसरळ ओव्हरडोस आहे, फक्त इतका सावकाश की कुणाला तो ओव्हरडोस वाटतच नाही.

आधी एक गोष्ट, कारण इथेच निम्मा घोळ होतो. टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते, थायरॉईडला काम करायला लावण्यासाठी. रक्तात हार्मोन भरपूर असला की पिट्युटरी गप्प बसते आणि टीएसएच खाली जातो. म्हणजे टीएसएच कमी याचा अर्थ थायरॉईड कमी असा नाही, बरोबर उलटा आहे, आणि तरी "कमी आलाय, गोळी वाढवावी लागेल" असं घरोघरी बोललं जातं.

आता काकू इथे कशा पोचल्या बघा. त्यांना हाशिमोटो, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉईड हळूहळू निकामी केलेली. सुरुवात झाली तेव्हा वजन ७२ किलो. ग्रंथी जवळपास बंदच पडली असेल तर दिवसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतो, म्हणजे ७२ गुणिले १.६, जवळपास ११५. पण काकू गोळी चहासोबत घ्यायच्या आणि पाठोपाठ कॅल्शियमची गोळी, त्यामुळे औषध नीट शोषलंच जायचं नाही, टीएसएच खाली येईना म्हणून डोस १२५ केला गेला. पुढे सुनेने सांगितलं की आई, ही उपाशीपोटी घ्यायची असते, चहा अर्ध्या-पाऊण तासाने आणि कॅल्शियम चार तासांनी. काकूंनी लगेच पाळायला सुरुवात केली. हे चांगलंच झालं, फक्त डॉक्टरांना कुणी कळवलं नाही. त्यात शुगर वाढल्यामुळे जेवण बदललं, चालणं सुरू झालं आणि दोन-अडीच वर्षांत वजन ५९ वर आलं. ५९ गुणिले १.६ म्हणजे ९४ च्या आसपास, वय वाढलं की गरज अजून थोडी कमी होते. गोळी मात्र १२५ चीच, मेडिकलवाला डबी बघून तीच देणार. म्हणजे रोज ३० मायक्रोग्रॅम जास्त, आणि त्यातही आता पूर्ण शोषला जाणारा.

वहिनीचं प्रकरण वेगळं आहे. तिला थायरॉईडचा पॅपिलरी कॅन्सर झाला होता, तो ग्रंथीच्या बाहेर आजूबाजूला पसरलेला होता, पूर्ण ग्रंथी काढली, मग उरलेल्या थायरॉईड पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे रेडिओआयोडीन दिलं. या कॅन्सरच्या पेशी मूळच्या थायरॉईडच्याच, त्यामुळे टीएसएच त्यांनाही वाढायला उत्तेजन देतो. शरीरात कुठे चार पेशी राहिल्या असतील तर त्यांना तो मिळू नये म्हणून गोळी गरजेपेक्षा जास्त देतात. तिचं वजन ६० आणि गोळी १३७, म्हणजे किलोमागे जवळपास २.३. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या गाईडलाईन्समध्ये अशा हाय रिस्क पेशंटसाठी सुरुवातीचं टार्गेट ०.१ च्या खाली सांगितलंय. तिलाही जास्तीच्या हार्मोनचा त्रास होऊ शकतोच, पण तिथे त्या बदल्यात काहीतरी मिळतंय आणि कुणीतरी हिशोब मांडून तो त्रास स्वीकारलाय. काकूंना बदल्यात काहीच मिळत नाहीये.

हाडांचं काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण तिथे वर्षानुवर्षं काही दुखत नाही. आपलं हाड सतत थोडं थोडं खोदलं जातं आणि परत भरलं जातं. हाडाच्या एका छोट्या तुकड्याची ही फेरी सहसा सहा-सात महिन्यांची. थायरॉईड हार्मोन जास्त झाला की खोदणाऱ्या आणि भरणाऱ्या दोन्ही पेशींचा वेग वाढतो, फेरी खूप आखूड होते आणि भरणाऱ्यांना वेळ पुरत नाही. पुण्यात पाण्याच्या लाईनसाठी रस्ता खोदतात आणि आधीचा खड्डा पूर्ण बुजायच्या आत पुढचा खोदायला घेतात तसं, प्रत्येक वेळी थोडी खोली राहूनच जाते. याचा फटका हाडाच्या बाहेरच्या टणक थराला जास्त बसतो, म्हणून खुबा आणि मनगटाजवळचं हाड आधी विरळ होतं, मणका तुलनेने नंतर.

आणि इथे दोघींमधला फरक सगळ्यात मोठा आहे. वहिनीची पाळी चालू आहे, तिच्या शरीरात इस्ट्रोजेन आहे आणि ते हाड खोदणाऱ्या पेशींना आवर घालतं, त्यामुळे पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये सप्रेशनने हाडांची झीज फारशी दिसत नाही. काकूंची पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, तो आवर कधीच गेलाय आणि त्यावर ही जास्तीची गोळी. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये सत्तरीच्या पुढच्या, ही गोळी घेणाऱ्या लोकांचा मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, त्यात डोस जितका जास्त तितकं फ्रॅक्चरचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून काकूंची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करताना फक्त मणका बघून चालणार नाही, खुबा तर हवाच आणि जमलं तर मनगटाकडचा हातही. नाहीतर मणक्याचा आकडा बरा दिसतो आणि सगळे निवांत होतात.

आता हृदय. जास्तीच्या हार्मोनने ठोके वाढतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण खरी काळजी वेगाची नाही, तालाची आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना एका ठोक्यानंतर पुढच्या विजेच्या झटक्यासाठी तयार व्हायला जो वेळ लागतो तो हा हार्मोन कमी करतो, शिवाय मधेच सुटणारे अवांतर ठोके वाढवतो. दोन्ही एकत्र आले की वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहू शकतात, यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मग तिथे रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर पॅरालिसिस. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचा अभ्यास १९९४ मध्ये आला होता, साठीच्या पुढचे लोक, दहा वर्षं पाठपुरावा. टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी असलेल्या १०० पैकी साधारण २८ जणांना हा त्रास झाला, नॉर्मल टीएसएचवाल्यांमध्ये ११ जणांना. वय इथे फार महत्त्वाचं आहे, म्हणजे तोच ०.०५ छत्तिशीत आणि चौसष्टीत सारखा नाहीच.

यात एक दिलासा पण आहे आणि तो सांगायला हवा, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. स्कॉटलंडमधल्या टेसाईड भागात ही गोळी घेणाऱ्यांचा अभ्यास झालाय, २०१० चा. त्यात टीएसएच जवळपास शून्याला टेकलेल्यांना, म्हणजे ०.०३ आणि त्याखाली, हृदयाचे आणि फ्रॅक्चरचे प्रकार जास्त झाले, पण ०.०४ ते ०.४ मध्ये असलेल्यांना तसं वाढलेलं दिसलं नाही. म्हणजे टीएसएच ०.३ आला म्हणून रात्रभर जागायची गरज नाही. पण काकू त्या रेषेच्या अगदी काठावर उभ्या आहेत, वय आणि पाळी दोन्ही त्यांच्या विरोधात आहेत, आणि आकडा अजून खाली सरकायला वेळ लागत नाही.

लक्षणांवर विसंबून राहू नका असं मी का म्हणतेय, तर काकूंचा फ्री टी४, म्हणजे रक्तातला प्रत्यक्ष थायरॉईड हार्मोन, नॉर्मलच्या आतच आहे, वरच्या टोकाला. हात थरथरणं, घाम, जुलाब असलं काही नाही. विचारलं तर सांगतात की पर्वतीच्या पायऱ्यांवर पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते, रात्री उशीवर डोकं टेकलं की धडधड ऐकू येते, झोप उडते. हे सगळं वयावर ढकललं जातं. त्यात बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधडही दबून जाते. घरी करण्यासारखं एकच, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघायची, आकड्यापेक्षा ताल बघायचा. एखादा ठोका कधीतरी चुकणं वेगळं, पण कुठलाच क्रम लागत नाही अशी नाडी असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढायचा. त्यासोबत तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातातलं बळ जाणं, छातीत दुखणं यातलं काही असेल तर घरी थांबायचंच नाही, सरळ हॉस्पिटल.

काकूंचा रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो केसांच्या गोळ्यांचा. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, म्हणून टेस्टच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवायचं, डोस मोठा असेल तर अजून जास्त दिवस. काकू घेत नव्हत्या, म्हणजे आकडा खरा होता. मग ईसीजी झाला, डेक्सा लिहून दिली आणि गोळी १२५ वरून १०० वर आणली. एकदम बंद नाही केली, तेही बरोबरच, कारण त्यांची स्वतःची ग्रंथी काही बनवत नाही.

पुढची टेस्ट दोन महिन्यांनी, आधी करून उपयोग नाही. हे औषध अर्धं संपायलाच आठवडा लागतो, नव्या डोसवर रक्त स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, आणि बराच काळ दबून राहिलेली पिट्युटरी त्यानंतरही जागी व्हायला वेळ घेते. त्यामुळे दुसऱ्या रिपोर्टमध्ये टी४ खाली आला पण टीएसएच अजून ०.१ वरच अडकलाय असं होऊ शकतं, म्हणून लगेच अजून डोस तोडायचा नाही. मधल्या काळात काकूंना सुस्त वाटलं, वजन किलोभर वाढलं, तर "मला जुनीच मानवत होती" म्हणून परत १२५ ची डबी उघडायची नाही, जुनी डबी घरातून काढूनच टाकलेली बरी.

वहिनीने मात्र हे वाचून आपली गोळी कमी करायची नाही. तिने विचारायचं ते वेगळं, माझं टार्गेट किती आणि कधीपर्यंत. कारण सप्रेशन जन्मभर तसंच ठेवायचं असतं असं नाही. थायरॉईडच्या पेशी कुठे उरल्यात का हे दाखवणारी थायरोग्लोब्युलिनची रक्ताची टेस्ट आणि मानेची सोनोग्राफी सातत्याने स्वच्छ येत राहिली की डॉक्टर टीएसएच टप्प्याटप्प्याने वर येऊ देतात. पण तिने गाव बदललं, डॉक्टर सुटले आणि नुसतं १३७ चं प्रिस्क्रिप्शन दाखवून गोळी आणणं चालू राहिलं, तर पन्नाशीत पाळी गेल्यावर तीही काकूंच्याच जागी येईल. म्हणून टार्गेटचा आकडा आणि तो परत तपासायची तारीख, दोन्ही डॉक्टरांकडून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायचं.